आजीला संत्र्याचा रस नको, फोडी द्या

हंगामात आर्वी-कारंजाकडची संत्री वस्तीत हातगाडीवर येतात. आजीला मधुमेह, त्यात दात नाहीत, म्हणून घरचे रस काढून देतात. चूक इथेच होते. एका ग्लासात तीन-चार संत्र्यांची साखर उतरते आणि चोथा फेकला जातो. त्यामुळे रक्तातली साखर झपाट्याने चढते. त्यापेक्षा एकच मध्यम संत्रं सोला, बिया काढा आणि फोडी बारीक करून चोथ्यासकट द्या. जेवणाला जोडून नको, दुपारी चारला द्या. केळं असेल तर अर्धंच, तेही काळे ठिपके पडलेलं नको. जास्त पिकलं की त्यातली साखर वाढते. साखर उतरून घाम, थरथर सुटली आणि आजी शुद्धीवर असेल, तर मात्र अर्धा ग्लास रस लगेच पाजा. किडनीचा आजार असल्यास कोणतं फळ चालेल, हे डॉक्टरांनाच विचारा.