बिलांतून दिसणारी तीन गिऱ्हाइकं

पुठ्ठ्याची खोकी पुरवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला आपलं गिऱ्हाईक ओळखायला वर्षभराची बिलं पुरतात. आधी एकाच माणसाची वेगवेगळ्या नावांची बिलं एकत्र करावीत. मग प्रत्येकापुढे ऑर्डरींच्या तारखा, नग आणि माप लिहावं.

समजा, तीन गट दिसले. दरमहा एकाच मापाची पाच-प्लाय खोकी नेणारा कारखानदार, फक्त मार्च ते मे येणारा आंबा बागायतदार आणि दर आठवड्याला शंभरेक तीन-प्लाय खोकी नेणारा ऑनलाइन विक्रेता.

इथे मासिक सरासरी फसवते. बागायतदाराची तीन महिन्यांची खरेदी बारांत वाटली, तर तो कारखानदारासारखाच दिसतो. म्हणून तारखा बघाव्यात. भाव विचारून परत गेलेला मात्र या बिलांत सापडत नाही.