परत येणाऱ्या पाकिटांचा हिशेब

साताऱ्याजवळ भाजणीच्या चकल्या करणारा एक छोटा कारखाना आहे आणि त्याला कोल्हापुरात वितरक हवा आहे, असं समजू. मालक रात्री बसून ईमेल लिहितो: घरगुती चव, शुद्ध तेल, आकर्षक मार्जिन, त्वरित संपर्क साधा. तोच मजकूर घाऊक व्यापाऱ्यांना आणि किरकोळ दुकानदारांना एकत्रच जातो. उत्तर कुणाचंच येत नाही. चकलीत खोट नसते. वाचणारा ज्या आकड्यांवर निर्णय घेतो, ते आकडेच त्यात नसतात.

वितरक हिशेब कसा करतो ते पाहा. पाकिटाची छापील किंमत 100 रुपये. दुकानदाराला ते 80 रुपयांना पडतं, वितरकाला 73 रुपयांना. सगळे दर कर धरून. पेटीत 48 पाकिटं. म्हणजे 3,504 रुपयांची पेटी 3,840 रुपयांना जाते आणि 336 रुपये सुटतात. टेम्पो, सेल्समनचा पगार, गोदामाचं भाडं यातूनच. आता पेटीमागे दोनच पाकिटं मुदत संपून परत आली आणि दुकानदाराला त्यांचे 160 रुपये वळते करावे लागले, तर हातात उरतात 176. जवळजवळ निम्मी कमाई दोन पाकिटांत गेली. म्हणून मार्जिन किती, याआधी अनुभवी वितरक विचारतो, "एक्सपायरीचा माल कोण घेणार?"

याचं उत्तर ईमेलमध्ये स्वच्छ लिहिलेलं असावं: मुदत संपण्याच्या 30 दिवस आधी कळवलेला, न फुटलेला माल पुढच्या बिलात वळता करू, गोदामात ओला झालेला घेणार नाही. परतीला मर्यादाही हवी. ती नसेल, तर महिनाअखेरीला विक्री फुगवून दाखवण्यासाठी दुकानांत जादा माल कोंबला जातो आणि चार महिने टिकणारी चकली फळीवरच शिळी होते.

दुसरी चूक मला अधिक घातक वाटते. वितरकाचा 73 चा दर दुकानदाराच्या हाती पडला, की तो 80 ने कशाला घेईल? शिवाय तोच दर घाऊक व्यापाऱ्याला मिळाला, तर तो 75 ने माल सोडतो आणि नेमलेला वितरक महिन्याभरात हात वर करतो. म्हणून दुकानदारांना वेगळा ईमेल, त्यांच्याच दराचा. वितरकाच्या ईमेलमध्ये मात्र त्याचा इलाखा नावानिशी हवा: कोल्हापूर शहर आणि इचलकरंजी, तिथे दुसरा वितरक नेमणार नाही.

उधारीचंही तसंच. दुकानदार पंधरा दिवसांनी पैसे देतो आणि कारखाना आगाऊ मागतो, तेव्हा मधली रक्कम वितरकाची अडकते. म्हणून पहिली ऑर्डर लहान ठेवावी. ईमेलचा शेवट असा करता येईल: "सुरुवात पाच पेट्यांनी, 17,520 रुपये. आमचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक खाली दिला आहे. तुमचा अन्न परवाना आणि जीएसटी क्रमांक कळवा. नमुन्याची पाकिटं लगेच पाठवतो."