रात्री दहाचं जेवण आणि दिवसभराचा हिशोब

‘सातनंतर काही खायचं नाही’ आणि ‘सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही’ हे दोन नियम वजन कमी करायला निघालेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी ऐकवतंच. डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणाऱ्या माणसाने ते पाळायचे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याला सकाळी सव्वासातची गाडी गाठायची असते आणि रात्री पान वाढेपर्यंत दहा वाजलेले असतात. मग ‘आपलं वजन या उशिराच्या जेवणामुळेच उतरत नाही’ अशी समजूत करून घेऊन तो प्रयत्न सोडून देतो.

या नियमांमागचं तर्कशास्त्र वरवर पटण्यासारखं आहे. रात्री आपण झोपतो, हालचाल होत नाही, म्हणून खाल्लेलं चरबी होऊन साठतं. पण हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं रात्रीही चालूच असतात. बैठं काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चातला मोठा वाटा नुसतं जिवंत राहण्यासाठीच जातो, आणि तो झोपेतही होत असतो. शरीर जेवणानंतर थोडी चरबी साठवतं आणि पोट रिकामं झालं की त्यातलीच बाहेर काढून वापरतं. ही ये-जा चोवीस तास सुरू असते. महिन्याअखेरीस चरबी वाढली की घटली, हे या सगळ्या देवघेवीच्या बेरजेवर ठरतं.

मग उशिरा जेवणारी आणि नाश्ता न करणारी माणसं पाहण्यांमध्ये जाड का दिसतात? कारण अशा पाहण्यांत लोकांच्या सवयी आणि वजन यांची फक्त सांगड घातलेली असते. उशिरा खाणारा बऱ्याचदा जास्तीचंही खातो. नाश्ता सोडणाऱ्यांत, वजन आधीच वाढलंय म्हणून सोडणारेही असतात. घड्याळाचा परिणाम वेगळा काढायचा तर सगळ्यांना सारखंच अन्न देऊन फक्त वेळ बदलायला हवी.

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठात नेमकं हेच केलं गेलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वजन जास्त असलेल्या ३० जणांना सगळं अन्न संशोधकांनीच पुरवलं. चार आठवडे दिवसाच्या कॅलरींपैकी ४५ टक्के सकाळी, ३५ टक्के दुपारी आणि २० टक्के रात्री. दुसऱ्या चार आठवड्यांत उलट, म्हणजे सकाळी २० आणि रात्री ४५. तीच माणसं, तेवढ्याच कॅलरी. शरीराचा खर्चही अंदाजाने काढला नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी पाजून, ते लघवीवाटे किती वेगाने कमी होतात यावरून दिवसाला किती ऊर्जा खर्च झाली ते मोजलं.

वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, सव्वातीन ते साडेतीन किलोच्या दरम्यान. ऊर्जेच्या खर्चातही फरक सापडला नाही. नाश्त्याने ‘चयापचय जागं होतं’ असं जे म्हणतात, त्याची इथे तरी काही खूण दिसली नाही.

एक फरक मात्र पडला, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. सकाळी भरपेट खाल्लेल्या काळात त्यांना दिवसभर भूक कमी लागली. प्रयोगात ताट मोजून मिळत होतं, म्हणून या भुकेचा वजनावर परिणाम झाला नाही. घरी फडताळात फरसाणाचा डबा असतो. माझ्या मते वेळेचं खरं महत्त्व एवढंच आहे: कोणत्या वेळी खाल्लं की तुमचा हात डब्याकडे कमी जातो. हे माणसागणिक वेगळं असतं. कोणी सकाळी पोहे खाल्ले की दुपारपर्यंत निवांत असतो, तर कोणाला तेच पोहे खाऊन अकरा वाजता पुन्हा भूक लागते. आपल्याकडे ‘दिवसातून दोनदाच जेवा’ हा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा सल्ला पाळून अनेकांनी वजन उतरवलं. त्यामागची कारणमीमांसा इन्सुलिनची दिली जाते, पण मधला चहा, बिस्किटं आणि चिवडा बंद झाल्यावर एकूण खाणंच किती घटतं हेही पाहायला हवं.

आता डोंबिवलीच्या त्या माणसाचा दिवस मांडून बघू. समजा त्याचं वजन स्थिर राहायला दिवसाला २२०० कॅलरी लागतात. नाश्ता नाही. दुपारचा डबा ६५० आणि रात्री दहाचं जेवण ६५०, म्हणजे १३००. ‘मी दोनच वेळा जेवतो,’ असं तो म्हणतो, आणि ते खोटंही नाही. पण दूध-साखरेचे चार चहा साधारण ३०० कॅलरींचे होतात. ऑफिसात ५० ग्रॅम चिवडा, सुमारे २७०. स्टेशनबाहेरचा वडापाव धरा ३००. रात्री टीव्हीसमोर मूठ-दीड मूठ खारे शेंगदाणे, ४० ग्रॅम तरी सहज, म्हणजे २३०. बेरीज २४०० होते. त्याने रात्रीचा डबा ऑफिसातच साडेसहाला उघडला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तरी ती २४००च राहील. उलट जेवण दहालाच ठेवलं, पण वडापाव आणि शेंगदाणे सोडले, तर बेरीज १८७० वर येते. रोज ३३० ची तूट म्हणजे महिन्याला ९९०० कॅलरी. शरीरातल्या एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. प्रत्यक्षात वजन उतरत जातं तसा शरीराचा खर्चही थोडा घटतो, त्यामुळे पुढच्या महिन्यांत वेग मंदावतो.

हिशोब चुकतो तो बहुधा ताटाबाहेरच्या गोष्टींत. फोडणीचं तेल तर आठवतच नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि डोळ्यांच्या अंदाजाने ओतलं की एकाचे दोन कधी होतात कळत नाही. आठवडाभर तेल चमच्याने मोजून घालायचं आणि चिवडा काट्यावर ठेवून खायचा, एवढं केलं तरी पुष्कळ उलगडतं.

उशिराच्या जेवणावर संशय घेण्याचं आणखी एक कारण वजनकाटा आहे. रात्री दहाला भाकरी, आमटी, लोणचं खाऊन सकाळी काट्यावर उभं राहिलं तर आकडा अर्धा-एक किलोने जास्त दिसू शकतो. ते आतड्यातलं अन्न आणि मिठासोबत धरून ठेवलेलं पाणी असतं. रातोरात एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सात-आठ हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि ते लग्नाच्या पंगतीतही जमत नाही. लवकर जेवलं की तोच आकडा कमी दिसतो आणि नियमाला श्रेय मिळतं. म्हणून वजन रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी करावं आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघावी.

हे सगळं चरबीपुरतं झालं. रक्तातल्या साखरेचं गणित वेगळं आहे: तेच जेवण सकाळपेक्षा रात्री केलं तर साखर जास्त वर जाते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांना वेळेचा विचार करावाच लागतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता नाश्ता बंद केला तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवलेलं बरं, मग काटा काहीही म्हणो.