पाणी निवतं ते वजाबाकीने नव्हे

झाकण घातलेल्या तांब्याच्या कॅलरीमापीत ८० अंश सेल्सिअसचं पाणी आहे, खोलीचं तापमान ३० अंश आहे. पाच मिनिटांनी तापमापी ७० दाखवतो. मग सुरुवातीपासून वीस मिनिटांनी किती दाखवेल? (आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल घेतले आहेत.)

गैरसमज: पाच मिनिटांत दहा अंश, म्हणजे वीस मिनिटांत चाळीस.

उत्तर ४० अंश येतं, आणि ते कुणाला खटकतही नाही. पण हाच हिशेब अर्ध्या तासापर्यंत ओढला की पाणी २० अंशांवर जातं, म्हणजे खोलीपेक्षाही गार. टेबलावर नुसतं ठेवलेलं पाणी तसं होणार नाही.

पाण्यातली उष्णता बाहेर जाते ती पाणी आणि भोवताल यांच्या तापमानातल्या फरकामुळे. फरक मोठा तोवर पाणी झपाट्याने निवतं, फरक घटला की तेही मंदावतं. १७०१ साली न्यूटनने लेखकाचं नाव न घालता छापलेल्या एका निबंधात हा नियम आहे: निवण्याचा दर त्या फरकाच्या प्रमाणात असतो. म्हणूनच आलेखावरची रेघ सुरुवातीला तीव्र उतरते आणि पुढे पसरट होत खोलीच्या तापमानाला टेकू पाहते.

गैरसमज: मग दर पाच मिनिटांनी तापमान सातअष्टमांश होत जाईल.

ही चूक जरा हुशार मुलं करतात. ८० चे ७० झाले, म्हणजे ७/८. पुढे ७० चे ६१.२५. गुणाकार करायचा हे बरोबर, पण गुणायचं कशाला ते चुकलं. सेल्सिअसचा शून्य बर्फाच्या वितळण्यावरून ठरवलेला आहे, आपल्या पाण्याचा त्याच्याशी काय संबंध? इथे शून्य म्हणजे खोलीचे ३० अंश. तिथून मोजलं तर फरक आधी ५० होता, तो ४० झाला. गुणक ०.८.

आता पुढचं सोपं आहे. दहा मिनिटांनी फरक ३२, पंधरा मिनिटांनी २५.६, वीस मिनिटांनी साधारण २०.५. त्यात खोलीचे ३० मिळवले की उत्तर ५०.५ अंश. चाळीसवाला साडेदहा अंशांनी चुकला. बारा मिनिटांसारखी अडनिडी वेळ दिली असेल तर

तापमान = ३० + ५० × ०.८^(मिनिटं ÷ ५)

यात १२ घाला, ५९.३ अंश येतात. शेवटी ३० मिळवायचे राहून जाणं ही नेहमीची चूक. तिने उत्तर २९.३ येतं, खोलीपेक्षा खालचा आकडा दिसला की तिथेच थांबावं.

गैरसमज: सरासरीचं सूत्र म्हणजेच नियम.

क्लासमध्ये शिकवतात ती पद्धत अशी: तापमानातली घट भागिले वेळ, बरोबर स्थिरांक गुणिले (सरासरी तापमान वजा खोलीचं तापमान). घातांक टाळता येतो म्हणून ती लाडकी आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या पाच मिनिटांवरून स्थिरांक दर मिनिटाला २/४५ निघतो. पुढच्या पाच मिनिटांसाठी उत्तर ६२ अंश येतं, अगदी बरोबर. पण त्याच स्थिरांकाने वीस मिनिटांची उडी एका दमात मारली तर ४९.२ येतात, सव्वा अंशाची चूक. एका तासाची उडी मारा, पाणी २३ अंशांवर! खरं उत्तर ३३.४ आहे. सूत्र वाईट नाही, पण ते अंदाजी आहे: मधल्या काळातली निवण्याची वक्र रेघ ते सरळ धरून चालतं. छोट्या पावलांनी चालवलं तर चालतं.

गैरसमज: ०.८ हा पाण्याचा गुण आहे.

नाही. तो त्या भांड्याचा, त्यातल्या पाण्याच्या वजनाचा, उघड्या पृष्ठभागाचा आणि त्या दिवशीच्या वाऱ्याचा मिळून आकडा आहे. तोच चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण पृष्ठभाग पसरतो. प्रयोगाच्या मध्येच कुणी पंखा लावला, तर आधीचा गुणक रद्द.

झाकण काढलं तर आणखी एक घोळ होतो. गरम पाण्याची वाफ होताना बरीच उष्णता तिच्याबरोबर जाते आणि ती फरकाच्या साध्या प्रमाणात जात नाही. शिवाय फरक फार मोठा असला की नियमच ढिला पडतो, हे द्यूलाँ आणि पेती या फ्रेंच जोडीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं. पाठ्यपुस्तकं ‘तापमानातला फरक कमी असताना’ ही अट घालतात ती त्यामुळेच. आपला ५० अंशांचा फरकही त्या दृष्टीने जास्तच आहे.

तुमच्या प्रयोगात नियम लागू पडतोय की नाही, हे पाहायला दर मिनिटाच्या नोंदीतून खोलीचं तापमान वजा करा आणि उरलेल्या फरकाचा लॉगरिदम वेळेसमोर मांडा. बिंदू सरळ रेषेत आले तर गुणक एकच आहे. सुरुवातीचे बिंदू जास्त तीव्र उतरत असतील आणि मग रेषा सरळ होत असेल, तर आधी झाकण नीट बसलंय का ते बघा. बसलेलं असेल तर पहिली काही मिनिटं सोडून पुढच्या नोंदींवरून गुणक काढा.