एक तिरपी पट्टी की दोन?

लर्निंग लायसन्सच्या चाचणीत १५ प्रश्न असतात आणि ९ बरोबर आले की पास. वाहतूक चिन्हं पुस्तकातून पाठ केलेला उमेदवारही यात चुकतो, आणि चूक बहुधा जुळ्यासारख्या दिसणाऱ्या चिन्हांपाशी होते. पुस्तकातलं चित्र स्वच्छ आणि समोरून काढलेलं असतं. रस्त्यावरच्या पाटीचा फोटो समोर आला की रंग विटलेला, कोन तिरका आणि अर्धी पाटी झाडाच्या फांदीआड, असं काहीही असू शकतं.

सर्वांत जास्त फसवणारी जोडी म्हणजे ‘नो पार्किंग’ आणि ‘थांबण्यास मनाई’. दोन्ही गोल, दोन्हींची कड लाल, आतला भाग निळा. पार्किंगला मनाई असेल तर निळ्यावर एकच तिरपी लाल पट्टी असते. थांबण्यासच मनाई असेल तर दोन पट्ट्यांची फुली. पहिल्या पाटीखाली माणूस उतरवून लगेच पुढे जाता येतं. दुसरीखाली तेवढंही थांबता येत नाही.

समजा, फोटोत अशाच पाटीचा वरचा कोपरा पानांनी झाकला आहे. लाल रंगही उन्हाने फिका पडलाय, त्यामुळे पट्ट्या नीट मोजता येत नाहीत. अशा वेळी निळे तुकडे मोजावेत. एका पट्टीने निळ्याचे दोन तुकडे होतात, फुलीने चार. उघड्या भागात तीन वेगळे निळे तुकडे दिसले, तर चौथा पानांआड आहे आणि उत्तर ‘थांबण्यास मनाई’ हेच. दोनच दिसले, तर मात्र घाई करू नये. झाकलेला भाग केवढा आहे ते आधी बघावं.

दुसरी जोडी उंची आणि रुंदीच्या मर्यादेची. लाल कडेचा पांढरा गोल, आत मीटरमधला आकडा, आणि उमेदवाराची नजर त्या आकड्यावरच खिळते. खरा फरक काळ्या टोकांत आहे. ती आकड्याच्या वर आणि खाली असली तर उंची, डावी-उजवीकडे असली तर रुंदी. फोटो धूसर असेल तर आकडाही मदत करतो. आपल्याकडे वाहनाच्या रुंदीची कायदेशीर कमाल २.६ मीटर आहे, त्यामुळे ३.५ मीटर लिहिलेली पाटी रुंदीची असण्यात फारसा अर्थ उरत नाही.

अरुंद पूल आणि अरुंद रस्ता यांच्या त्रिकोणी पाट्यांचंही असंच. पुलाच्या चित्रात दोन्ही रेषा जवळ येऊन पुन्हा फाकतात, रस्त्याच्या चित्रात जवळ आल्या की तशाच राहतात. फोटोत पाटीचा वरचा भाग कापला गेला असेल तर नेमकी हीच खूण हरवते.

म्हणून चाचणीआधी निदान या तीन जोड्यांच्या खऱ्या पाट्या रस्त्यावर शोधून, बाजूने आणि लांबून एकदा नीट बघून घ्या.