‘जाहिरात’ लिहिलं, म्हणजे झालं?

केसांसाठीच्या बायोटिन गमीची कुठलीही बाटली उलटी करून वाचा. भारतात रीतसर विकली जाणारी असेल तर तिच्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ हे शब्द असतात, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ अशी ओळ असते. कायद्याच्या लेखी ही बाटली खाद्यपदार्थात मोडते, औषधात नाही. रोज किती घ्यायची आणि त्यापेक्षा जास्त घ्यायची नाही, हेही तिथेच छापलेलं असतं. पण गिऱ्हाईक ही बाजू वाचतच नाही. ते रील बघतं, आणि रीलमध्ये नेमकं उलटं सांगितलेलं असतं.

समजा, एका मराठी क्रिएटरला एजन्सीकडून ब्रीफ आलं. चाळीस सेकंदांचं रील करायचं, ठरलेले पैसे मिळणार, शिवाय तिच्या कूपन कोडवरून विक्री झाली की कमिशन. तिने लिहिलेला मजकूर असा: “मैत्रिणींनो, बाळंतपणानंतर माझे केस मुठीमुठीने गळत होते. थायरॉईडमुळे असो की बाळंतपणामुळे, केस गळत असतील तर ही गमी घ्या. दोन महिन्यांत माझी केसगळती शंभर टक्के थांबली. डॉक्टरही हीच सुचवतात. पूर्ण नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट अजिबात नाही. लिंक बायोमध्ये, माझा कोड टाका, वीस टक्के सूट मिळेल.” खाली कॅप्शन, कॅप्शनखाली पंधरा हॅशटॅग आणि त्यांत बारावा `#collab`.

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण असा मजकूर वाचकांना अनोळखी वाटणार नाही. यात दोन वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांची कायम गल्लत होते. पहिला दोष म्हणजे पैसे घेतल्याचं नीट सांगितलेलं नाही. दुसरा दोष म्हणजे जे सांगितलं आहे, ते सांगायला परवानगीच नाही. पहिला दुरुस्त केला की दुसराही धुऊन निघतो, असं अनेक क्रिएटर आणि एजन्सीवाले प्रामाणिकपणे धरून चालतात. तसं होत नाही.

आधी पैशांचं बघू. जाहिरात उद्योगाने स्वतःवर देखरेख ठेवण्यासाठी 1985 साली स्थापलेल्या एएससीआय या संस्थेने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये त्याच धर्तीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दोन्हींचा गाभा एकच आहे: कंपनीशी तुमचा असा कुठलाही संबंध असेल, ज्याने तुमच्या शब्दाचं वजन बदलू शकतं, तर तो बघणाऱ्याला कळला पाहिजे. त्यात फक्त रोख पैसे येत नाहीत. फुकट मिळालेली बाटली, सवलत, सहल, कमिशन, कंपनीत नातेवाईक असणं, हे सगळं त्यात येतं. क्रिएटर मंडळी ज्याला ‘बार्टर’ म्हणतात, म्हणजे माल घ्या आणि पोस्ट करा, तेही सुटत नाही. “मी माझं खरं मतच सांगितलं” हेही उत्तर होत नाही. मत खरं असलं तरी संबंध सांगावाच लागतो.

सांगायचं कसं? मराठी रीलमध्ये ‘जाहिरात’ हा एक शब्द पुरेसा स्पष्ट आहे. एएससीआयच्या नियमांनुसार तो इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत चालतो. सरकारी मार्गदर्शिकेचा आग्रह मात्र असा की पोस्ट ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा. मग मराठीतच लिहावं, वाद उरत नाही. कॅप्शनमध्ये तो पहिल्या दोन ओळींत हवा, ‘आणखी वाचा’ दाबल्याशिवाय दिसेल असा. हॅशटॅगच्या गर्दीत टाकलेला `#collab` चालत नाही. प्रोफाइलमध्ये एकदाच ‘अमुक ब्रँडसोबत काम करते’ लिहून ठेवणंही पुरत नाही, कारण रील बघणारा प्रोफाइल उघडत नाही. व्हिडिओचा तर हिशोबच ठरवून दिला आहे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान तीन सेकंद दिसायला हवं. त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. दोन मिनिटांच्या पुढे, उत्पादनाबद्दल बोलणं चालू आहे तोवर सगळा वेळ. आपल्या चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये म्हणजे सुमारे चौदा सेकंद.

एवढं केलं की पहिला दोष मिटला. आता त्या मजकुराकडे वळू, कारण खरं नुकसान तिथे होतं.

खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे 2018 चे जाहिरात आणि दावेविषयक नियम आहेत. त्यांचा अर्थ साध्या भाषेत सांगायचा तर दाव्याच्या तीन पायऱ्या धरा. “यात बायोटिन आहे” ही पहिली पायरी. लेबलवर तेवढं असेल तर खुशाल सांगा. “केसांच्या आणि त्वचेच्या सर्वसाधारण आरोग्यासाठी शरीराला बायोटिन लागतं” ही दुसरी. इथे आपण पोषकद्रव्याचं शरीरातलं काम सांगतो, आणि कंपनीकडे शास्त्रीय आधार असेल तर तेही चालतं. “केसगळती थांबते”, “थायरॉईडमुळे गळणारे केस परत येतात” ही तिसरी पायरी. इथे आपण विकार टाळण्याची किंवा बरा करण्याची भाषा करतो, आणि खास परवानगी दिलेले मोजके दावे सोडले तर ती खाद्यपदार्थाला बंद आहे. डॉक्टरांनी सुचवलं, मंजूर केलं असं सूचित करणंही बंद. ‘शंभर टक्के’ आणि ‘अजिबात नाही’ हे शब्द तर कुठल्याच पुराव्यावर उभे राहत नाहीत.

क्रिएटर म्हणेल, “पण मी माझा अनुभव सांगतेय. माझे केस खरंच थांबले.” ती खोटं बोलत नसेलच. पण बाळंतपणानंतरची केसगळती साधारण दोन ते चार महिन्यांनी सुरू होते, काही महिने चालते आणि बहुतेक बायकांमध्ये वर्षभरात आपोआप थांबते. गळती ऐन भरात असताना गमी सुरू केली, तर दोन-तीन महिन्यांनी श्रेय गमीलाच मिळणार. मोठ्या तापानंतर गळणाऱ्या केसांचंही असंच आहे. बायोटिनची खरी कमतरता विरळ असते, आणि कमतरता नसलेल्या माणसाचे केस त्याने वाढतात याला भक्कम पुरावा नाही. म्हणून अनुभव खरा असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो. कायदाही हाच फरक करतो. 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या नियमांप्रमाणे शिफारस प्रामाणिक मताची तर हवीच, पण ती पुरेशा माहितीवरही आधारलेली हवी. आधीचा-नंतरचा फोटो शेजारी लावला आणि तोंडाने काहीच बोललं नाही, तरी बघणाऱ्याला जे समजतं तोच दावा झाला.

इथे एक पळवाट नेहमी काढली जाते. रील जसंच्या तसं ठेवायचं आणि शेवटी बारीक अक्षरांत, इंग्रजीत लिहायचं, ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’. त्याच 2022 च्या नियमांनी ही वाट बुजवली आहे. तळटीप दाव्याचा अर्थ उलगडू शकते, दिशाभूल करणारा दावा सावरू शकत नाही. शिवाय ती दाव्याच्याच भाषेत हवी. मराठीत छातीठोक बोलून इंग्रजीत हात झटकणं हा आपल्या प्रेक्षकांवर उघड अन्याय आहे, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनाच तो सर्वात जास्त बाधतो.

सांगणाऱ्याच्या पात्रतेबद्दलही नियम आहे. ऑगस्ट 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यविषयक बोलणाऱ्यांसाठी जादा सूचना काढल्या. डॉक्टर, आहारतज्ज्ञ किंवा फिटनेसचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्यांनी ते तसे आहेत हे सांगायचं. बाकीच्यांनी तज्ज्ञाच्या थाटात बोलायचं असेल तर आपलं बोलणं वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही, हे स्पष्ट करायचं. “पाणी प्या, नीट झोपा” यांसारखा, कुठल्याही उत्पादनाशी न जोडलेला सर्वसाधारण सल्ला यातून मोकळा आहे.

चूक झाली तर? ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत, जाहिरात करायला बंदी घालू शकतं. मात्र दाव्याची खातरजमा करण्यासाठी रास्त काळजी घेतली होती, हे दाखवता आलं तर शिफारस करणारा दंडातून सुटतो. म्हणून ब्रीफ आलं की कॅमेऱ्याआधी एक मेल लिहावा: लेबलचे सर्व बाजूंचे फोटो पाठवा, आणि ब्रीफमधल्या प्रत्येक दाव्याला आधार काय ते लेखी द्या. “ब्रीफमध्ये बदल चालणार नाही” असं उत्तर आलं तर त्या कामाला नकार द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दंड झाला तर एजन्सी तो भरेल याची खात्री कोणीच देत नाही.

आता तेच रील नव्याने लिहू. पडद्यावर पहिल्या क्षणापासून ‘जाहिरात’. मग बोलणं: “या गमीसाठी कंपनीने मला पैसे दिले आहेत, आणि माझ्या कोडवरून खरेदी झाली तर मला कमिशन मिळतं. यात बायोटिन आहे. केस आणि त्वचेच्या सर्वसाधारण आरोग्यासाठी लागणारं हे जीवनसत्त्व आहे. हे औषध नाही. केस जास्त गळत असतील तर आधी डॉक्टरांकडून कारण शोधा. लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. रक्ततपासणी करायची असेल तर बायोटिन घेताय हे डॉक्टरांना आणि लॅबला सांगा.” बाळंतपणाची गोष्ट यात नाही, कारण ती गमीच्या शेजारी ठेवली की आपोआप दावा होते.

शेवटचं वाक्य कुठलाही नियम शब्दशः मागत नाही, पण माझ्या मते सगळ्यात गरजेचं तेच आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं, असं अमेरिकेत धरतात. बाजारात 5,000 आणि 10,000 मायक्रोग्रॅमच्या गोळ्याही मिळतात. इतकं बायोटिन रक्तात असलं की काही तपासण्यांचे आकडे चुकतात. थायरॉईड ठीक असूनही वाढल्यासारखा दिसू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात वाढणारं ट्रोपोनिन खोटंच कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला, तेव्हा अशा चुकलेल्या ट्रोपोनिन अहवालानंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख त्यात होता.

रील चाललं की मेसेज येऊ लागतात. “ताई, मला थायरॉईड आहे, घेऊ का?” या खासगी उत्तरात ‘जाहिरात’ लेबल नसतं, पण दावा तोच असतो, आणि विचारणारी बाई त्यावर रीलपेक्षा जास्त विश्वास ठेवते. “घ्या, काही होत नाही” हे उत्तर द्यायचं नाही. “मी डॉक्टर नाही, या कंपनीकडून मला पैसे मिळतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा. आधीच घेत असाल तर थायरॉईडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात, तेही त्यांना विचारून घ्या,” असं लिहायचं. दोन दिवसांची ही सूचना अमेरिकन थायरॉईड असोसिएशनची आहे. आणि एखादं रील बघून कुणाला वाटलं की इथे रोग बरा करण्याचा दावा करून बाटली विकली जातेय, तर स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर किंवा एएससीआयकडे तक्रार करावी. रील उडवलं गेलं तरी स्क्रीनशॉट राहतो.