बत्तीसची सळई आणि आठ मिलिमीटरची जागा

पुण्यातल्या एका पुनर्विकासाच्या कामावर, पार्किंगच्या मजल्यावरच्या कॉलमचा पिंजरा मी टेप घेऊन मोजत होतो. कॉलम ३०० बाय ९०० मिमीचा, त्यात ३२ मिमीच्या बारा सळया. ३०० च्या अरुंद बाजूला तीन सळया येत होत्या. दोन्हीकडचं ४० मिमी कव्हर आणि १० मिमीची रिंग वजा केली की तिथे २०० मिमी उरतात. खालून आलेल्या तीन सळया आणि त्यांना लॅप मारलेल्या वरच्या तीन, अशा सहा सळया शेजारी-शेजारी उभ्या केल्या तर त्यांनीच १९२ मिमी व्यापले. उरले आठ. दोन फटी, प्रत्येकी चार मिमी. काँक्रीटमधली खडी २० मिमीची.

फिटरचं उत्तर तयार होतं : ‘साहेब, जोडसळ्या आत ढकलतो.’ तसं तो करतोही. मग कॉलमच्या पोटात गर्दी होते आणि व्हायब्रेटरची नीडल खाली उतरत नाही. शटरिंग काढल्यावर स्लॅबच्या जरा वर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, आणि कुणीतरी घाईघाईने त्यावर सिमेंटचा हात फिरवतो.

लॅप म्हणजे काय, हे घर बांधलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. सळई बारा मीटरची येते, इमारत त्याहून उंच असते. म्हणून एक सळई संपते तिथे दुसरी तिच्याशेजारी काही अंतर बिलगून चालते आणि दोघींना तारेने बांधतात. पण ती तार जोर पेलत नाही. ती फक्त काँक्रीट पडेपर्यंत सळया जागेवर धरते. एका सळईतला ताण तिच्या अंगावरच्या वरंब्यांमधून काँक्रीटमध्ये उतरतो आणि काँक्रीटमधून दुसरीत चढतो. म्हणजे जोड खरा काँक्रीटचा. भोवतालचं काँक्रीट पोकळ असेल तर लॅप कितीही लांब ठेवा, सळया नुसत्या शेजारी उभ्या.

सळई जाड झाली की गणित बिघडतं. सळईतला जोर तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरतो. काँक्रीटला धरायला मात्र तिचा घेरच मिळतो, आणि तो व्यासाच्या साध्या पटीत वाढतो. त्यामुळे जाड सळईला जास्त लांब लॅप लागतो. साइटवर सरसकट व्यासाच्या पन्नासपट लॅप धरतात. १६ मिमीच्या सळईला तो ८० सेंटिमीटर होतो आणि त्यात सव्वा किलो लोखंड जातं. ३२ मिमीच्या सळईला तो १.६ मीटर, आणि सळईचं वजन मीटरला ६.३ किलो, म्हणजे दर जोडाला दहा किलोंहून थोडं अधिक. व्यास दुप्पट, लॅपमध्ये गाडलेलं लोखंड आठपट. कपलरची सारी अर्थव्यवस्था या एका आकड्यात आहे.

आता तो १.६ मीटर कुठे बसवायचा? भूकंपरोधक बांधकामाचं मानक आयएस १३९२० सांगतं, की कॉलममधला लॅप मोकळ्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागातच हवा आणि एका पातळीवर निम्म्याहून जास्त सळया जोडू नयेत. कारण उघड आहे. भूकंपात कॉलम सर्वांत जास्त वाकतो तो बीमच्या वर आणि खाली, मधोमध नाही. आमच्या इमारतीचा मजला तीन मीटरचा, बीम ६०० मिमीचा. मोकळी उंची राहिली २.४ मीटर, तिचा मधला निम्मा भाग १.२ मीटर. १.६ मीटरचा लॅप त्यात बसतच नाही. आणि प्रत्यक्षात काय होतं? स्लॅब पडला की स्टार्टर वर डोकावत असतात, तिथेच, स्लॅबला लागून, एका रांगेत साऱ्या सळयांना लॅप मारला जातो. म्हणजे जिथे नको नेमकं तिथे. मी पाहिलेल्या इमारतींत हा अपवाद नव्हे, रिवाज आहे.

कपलर या वळणावर कामाला येतो. दिसायला तो साधा : आतून आटे असलेली पोलादी नळी. दोन्हीकडून सळया पिळून आत घालायच्या, टोकाला टोक भिडवायचं. ताण एका सळईतून थेट नळीत आणि नळीतून दुसऱ्या सळईत जातो. काँक्रीटची मध्यस्थी संपली. ३२ ची सळई ताणून कायमची लांबायला लागते तेव्हा तिच्यात सुमारे चाळीस टनांचा जोर असतो. तेवढा जोर बोटभर लांबीच्या आट्यांनी पेलायचा असतो, म्हणून सगळं कसब आट्यांत आहे.

साइटच्या कोपऱ्यात त्यासाठी यंत्रं मांडतात. आधी सळईचं टोक बँडसॉने काटकोनात कापायचं. नेहमीच्या कातरीने कापलं की टोक चेपतं आणि किंचित वाकतं. त्यावर पाडलेले आटे तिरके येतात. मग ते टोक थंड अवस्थेतच दाबून थोडं फुगवायचं. हे फुगवणं का, हे समजलं की निम्मा विषय समजला. सरळ सळईवर आटे कोरले तर तिथली जाडी कमी होते आणि तीच जागा सगळ्यात कमकुवत ठरते. टोक आधी फुगवलं तर आटे कोरल्यावरही आतला गाभा मूळ सळईपेक्षा कमी राहत नाही. दुसऱ्या एका पद्धतीत न फुगवता वरंबे सोलून आटे दाबून उठवतात. ती स्वस्त पडते, पण तिथे यंत्राची आणि कारागिराची शिस्त जास्त कसाला लागते. आटे पडले की लगेच प्लास्टिकची टोपी. टोपी नसलेली सळई क्रेनने उचलताना एकदा जमिनीला घासली, की पुढे तिच्यावर पाइप पान्याने कितीही जोर लावला तरी कपलर अर्ध्यावरच अडतो.

हाच सर्वांत धोक्याचा दोष, कारण अर्धवट चढलेला कपलर बाहेरून पुऱ्या चढलेल्यासारखाच दिसतो. त्याला उपाय रंगाचा. सळईच्या टोकापासून कपलरच्या निम्म्या लांबीवर आधीच रंगाची रेघ मारून ठेवायची. जोडल्यावर दोन्ही रेघा कपलरच्या कडेला आल्या पाहिजेत. एका कामावर मी पिंजरा तपासताना अकरा जोडांच्या रेघा कडेला होत्या आणि बाराव्याची बोटभर बाहेर. कपलर उलटा फिरवून काढला तर आत सिमेंटचं वाळलेलं पाणी निघालं. खालच्या मजल्याच्या काँक्रीटच्या वेळी टोपी पडली होती, इतकंच कारण. वरून नुसता हात लावला असता तर तो जोड घट्टच लागला असता.

दुसरी चूक खरेदीतली. एका पुरवठादाराचे आटे आणि दुसऱ्याचे कपलर. दोन्ही ‘३२ चे’ असतात, पण आट्यांची खोली आणि अंतर वेगळं असतं. दोन-चार फेरे गोडीत जातात, म्हणून कुणाला शंका येत नाही. यंत्र आणि कपलर एकाच घरचे घ्यावेत, हा नियम मी कधी सोडत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. कपलर सळईपेक्षा जाड असतो. ३२ च्या सळईवर तो साधारण ४८ मिमीचा धरला, तर तेवढ्या ठिकाणी काँक्रीटचं कव्हर आठ मिमीने घटतं. रिंग बरोबर कपलरवर बसवली तर ती तितकीच बाहेर येते आणि शटरिंगच्या जवळ जाते. रिंग कपलरच्या वर-खाली घ्यावी, अंगावर नाही.

आता पैसे. त्या कामात आम्ही लोखंड किलोला साठ रुपये धरलं होतं आणि दोन टोकांच्या आट्यांसह ३२ चा कपलर तीनशे रुपयांना. दर जागेप्रमाणे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील. ३२ च्या लॅपमध्ये सहाशे रुपयांचं लोखंड गाडलं जातं. म्हणजे इथे ‘जादा खर्च’ हा शब्दच चुकीचा, कपलर निम्म्यात होतो. २५ ची सळई घेतली तर पावणेपाच-पाच किलो, २९० रुपयांच्या आसपास, आणि कपलर दोनशेला. २० ला लॅप दीडशे रुपयांचा, कपलर एकशे चाळीसचा. म्हणजे बरोबरी. १६ ला लॅप पंचाहत्तरचा, कपलर शंभराच्या वर. काँक्रीट चढ्या प्रतीचं असेल तर लॅप आखूड होतो. एम ४० मध्ये तो व्यासाच्या छत्तीसपटीवर येतो, आणि मग २५ ची सळईही बरोबरीला येते. ३२ तरीही कपलरच्याच पारड्यात राहते.

आमच्या कामात वीस कॉलम आणि सहा मजले मिळून ३२ चे १,४४० जोड होते. लॅपचं लोखंड साडेचौदा टन, पावणेनऊ लाखांचं. कपलरना सव्वाचार लाख. पण यंत्रं आणणं, दोन कारागीर, वीज आणि नमुन्यांची चाचणी यांचा खर्च जोड शंभर असोत की हजार, जवळपास तेवढाच येतो. दोन मजली बंगल्यात चाळीस जोडांसाठी हा खटाटोप परवडत नाही.

काही ठिकाणी मात्र लॅपशी तुलनाच करायची नसते. फार जाड सळईला आपलं काँक्रीटचं मानक आयएस ४५६ साधा लॅप चालवून घेत नाही. तेच मानक कॉलममध्ये लॅप येणार असेल तर सळयांचं प्रमाण सहाऐवजी चार टक्क्यांवर थांबवायला सांगतं, निव्वळ गर्दीमुळे. लिफ्टच्या भिंतीतून पुढे स्लॅब जोडायचा असेल तर शटरिंगला भोकं पाडून सळया बाहेर काढण्यापेक्षा कपलर भिंतीत बसवून नंतर सळई पिळणं सोपं. आणि कुणाच्या तरी चुकीने स्टार्टर कापला गेला, बाहेर हातभरच सळई उरली, तर १.६ मीटर आणणार कुठून? तिथे आटे पाडता येत नाहीत. बाहेरून बोल्टने आवळायचा किंवा दाबून चेपायचा कपलर लागतो. तो महाग असतो, पण पर्याय काँक्रीट फोडण्याचा असतो.

कपलरसाठी २०१४ साली आयएस १६१७२ हे स्वतंत्र मानक आलं. त्यात सळई तोडून पाहण्याबरोबरच ताण दिल्यावर जोड किती सरकतो हेही मोजतात, आणि ती सरक ०.१० मिमीच्या आत हवी. भूकंपात कॉलम पुढेमागे हलताना सैल आटे हळूहळू उघडत जातात, म्हणून ही अट.

तुमच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं काम सुरू असेल आणि नकाशात २५ किंवा ३२ च्या सळया असतील, तर बिल्डरच्या इंजिनिअरकडे फक्त एक वस्तू पाहायला मागा : प्रयोगशाळेत ताणून तोडलेला कपलरचा नमुना. सळई कपलरपासून वीतभर दूर, मान बारीक होऊन तुटलेली असेल तर आटे चांगले आहेत. कपलरमधून अलगद बाहेर निसटलेली असेल, तर पुढचा स्लॅब थांबवायला सांगा.